फसवलं कुणीच नाही, तरी भाव का पाडायचे?

प्रश्न: संगनमताने भाव चढे ठेवणाऱ्या कंपन्यांमध्ये किंमतयुद्धं का होतात हे सांगणारं ग्रीन-पोर्टर मॉडेल वाचतोय. समतोलात, म्हणजे एकट्याने वागणं बदलून कुणाचाच फायदा होत नाही अशा स्थितीत, कुणीच गुपचूप भाव कमी करून फसवत नाही आणि हे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणजे विक्री घसरली तर मागणीच पडली असणार, हे उघड आहे. तरी कंपन्या किंमतयुद्ध सुरू करून स्वतःचंच नुकसान का करून घेतात? सोडून का देत नाहीत?

उत्तर:

सोडून दिलं तर पुढच्या वेळी काय होईल, ते आधी बघू. दोन कंपन्यांनी भाव चढा ठेवायचं ठरवलं आहे. एकमेकींचा खरा भाव त्यांना दिसत नाही, कारण मोठ्या गिऱ्हाइकाला गुपचूप सूट देता येते. प्रत्येकीला दिसते फक्त स्वतःची विक्री. आता ‘विक्री पडली तर बाजार मंद आहे असं समजून गप्प बसायचं’ असा शिरस्ता पडला, तर गुपचूप सूट देणाऱ्याला कसलीच भीती उरत नाही. त्याने गिऱ्हाइकं पळवली, तरी समोरची कंपनी मंदीलाच दोष देणार. म्हणजे आज कुणी फसवत नाही ते केवळ विक्री पडल्यावर युद्ध होतं म्हणून. ‘कुणीच फसवत नाही’ हे तुम्ही गृहीत धरता आहात, पण ते त्या युद्धामुळेच खरं ठरतं. युद्ध काढून घेतलंत की ते वाक्यही पडतं.

म्हणून इथली शिक्षा गुन्ह्याला नसते, आकड्याला असते. गुन्हा दिसतच नाही, आकडा दिसतो.

आता हिशोब करून बघा, म्हणजे युद्ध किती लांब हवं तेही कळेल. मॉडेलचं सर्वांत सोपं रूप घेऊ. दोघींनी करार पाळला तर प्रत्येकीला एका फेरीत १०० नफा. एकीने भाव किंचित कमी केला तर सगळी गिऱ्हाइकं तिच्याकडे, तिला २०० आणि दुसरीला शून्य. पण दर फेरीत १० टक्के शक्यता अशी, की मागणीच आटते आणि दोघींनाही शून्य. शून्य विक्री झालेल्या कंपनीला यातलं कारण कळत नाही. पुढच्या फेरीतला नफा आजच्या ९० टक्के मोलाचा धरू. करार असा: कुणाचीही विक्री शून्य झाली की T फेऱ्या नफ्याविना विकायचं, मग पुन्हा चढा भाव.

T = २ घेतला, तर करार पाळत राहण्याचं आजचं एकूण मोल V असं निघतं:

```
V = 0.9 × (100 + 0.9 V) + 0.1 × 0.9 × (0.81 V)
V ≈ 769
```

शेवटच्या कंसातलं 0.81 V म्हणजे युद्धाच्या दोन फेऱ्या रिकाम्या घालवून मग मिळणारं मोल, साधारण ६२३. फसवणाऱ्याला त्या फेरीत १०० जास्त मिळतात. पण पुढच्या फेरीपासून ७६९ ऐवजी ६२३ हाती राहतात. हा फरक १४६ चा, आजच्या मोलात सुमारे १३१. शंभर मिळवायला एकशेएकतीस घालवणं परवडत नाही, म्हणून कुणी फसवत नाही. आता युद्ध एकाच फेरीचं ठेवून बघा. तोटा आजच्या मोलात जेमतेम ७४ येतो. शंभरासाठी चौऱ्याहत्तर घालवायला कुणीही तयार होईल, आणि करार मोडेल. दोन फेऱ्यांचं युद्ध ही इथली किमान गरज आहे. त्याहून लांब युद्ध म्हणजे उगाच नुकसान.

हे फुकट मात्र होत नाही. फसवणूक आणि मंदी यांतला फरक दिसत असता, तर निव्वळ मंदीत युद्ध करावं लागलं नसतं आणि V ९०० असता. ९०० आणि ७६९ मधला फरक म्हणजे धूसर दिसण्याची किंमत. ती चुकवतात निर्दोष लोक, पुन्हापुन्हा.

मागणी आटण्याची शक्यता वाढवत गेलात की चित्र झपाट्याने बिघडतं. २५ टक्के असेल तर युद्ध तीन फेऱ्यांचं लागतं, ४० टक्के असेल तर आठ. ४५ टक्क्यांना कितीही लांब युद्ध ठेवा, अगदी कायमचंसुद्धा, करार टिकतच नाही. वाईट आकडा इतका नेहमीचा झाला, की प्रामाणिक राहूनही थोड्याच दिवसांत शिक्षा व्हायचीच असते. मग आजच शंभर का सोडायचे?

तुमच्या शंकेतला एक भाग मात्र खरोखर कच्चा दुवा दाखवतो. युद्ध सुरू झाल्यावर दोघींनी एकत्र बसून ‘जाऊ दे, पुन्हा भाव चढवू’ असं ठरवलं तर दोघींचाही फायदाच आहे. मॉडेल हे बोलणं होणारच नाही असं मानून चालतं. प्रत्यक्षात अशा बैठका होतात, आणि त्या जितक्या सहज होतील तितकी शिक्षेची धमकी पोकळ होते. हा आक्षेप मला गंभीर वाटतो.

प्रत्यक्ष दाखला हवा असेल तर जॉइंट एक्झिक्युटिव्ह कमिटीचा बघा. शिकागोहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याकडे माल नेणाऱ्या रेल्वे कंपन्यांचं हे कार्टेल, म्हणजे भाव संगनमताने ठरवणारा गट, १८७९ मध्ये, अशा संगनमतावर बंदी घालणाऱ्या अमेरिकेच्या शर्मन कायद्याच्या आधी, उघडपणे उभं राहिलं. प्रत्येक कंपनीला बाजारातला वाटा नेमून दिलेला होता. कमिटी दर आठवड्याला वाहतुकीचे आकडे गोळा करून सगळ्यांना कळवायची. छापील दर सर्वांना दिसे, माल पाठवणाऱ्याला गुपचूप परत केलेली रक्कम मात्र दिसत नसे. म्हणून आपला वाटा घसरला, तर शेजाऱ्याने सूट दिली की या आठवड्यात माल योगायोगाने तिकडे गेला, हे सांगता येत नसे. मॉडेलच्या नावातले रॉबर्ट पोर्टर यांनी १९८३ मध्ये १८८० ते १८८६ चे आठवड्या-आठवड्याचे आकडे तपासले. दर दोन पातळ्यांमध्ये वरखाली होत होता आणि करार चालू असतानाचा दर युद्धातल्या दरापेक्षा सुमारे दोन-तृतीयांशाने जास्त होता. युद्धं झाली, संपली, करार पुन्हा उभा राहिला. कार्टेल कायमचं फुटलं असतं तर हे दिसलं नसतं.

एक गल्लत इथे फार जण करतात. कुठल्याही मंदीने युद्ध पेटतं असं हे मॉडेल म्हणत नाही. या रेल्वेंच्याच मार्गाला समांतर असलेल्या मोठ्या सरोवरांवरचा बर्फ वितळला की बोटी सुरू व्हायच्या आणि रेल्वेचा माल कमी व्हायचा. हे दरवर्षीचं होतं, सगळ्यांना आधीच माहीत होतं, त्यामुळे त्या घटीतून संशय घेण्यासारखं काही नव्हतं. ठिणगी पडते ती अनपेक्षित घसरणीने. म्हणून एखाद्या बाजाराचे आकडे तपासताना विक्री किती पडली यापेक्षा ती अपेक्षेपेक्षा किती कमी आली हे बघा. युद्ध तेजीच्या ऐन भरात सुरू होताना दिसलं, तर अर्थशास्त्रज्ञ रोटेम्बर्ग आणि सलोनर यांचं १९८६ चं स्पष्टीकरण जास्त लागू पडेल: तिथे मागणी सर्वांना दिसते आणि तेजीत फसवण्याचा मोह मोठा असतो.

हुशार कार्टेल युद्ध लांबवण्यापेक्षा धूसरपणाच कमी करतात. १९९० च्या दशकात पशुखाद्यात घालायचं लायसीन बनवणाऱ्यांच्या कार्टेलमध्ये कंपन्या दर महिन्याला आपले विक्रीचे आकडे एकमेकांना कळवायच्या. वर्षाअखेर कोट्यापेक्षा जास्त विकलेल्याने कमी विकलेल्याकडून माल घ्यायचा, असंही ठरलं होतं. त्यामुळे वाईट वर्षाची भरपाई मिळते आणि भाव पाडावे लागत नाहीत. जास्त विकणाऱ्याच्या हातातही ते जास्तीचं उरत नाही. स्पर्धा आयोग प्रतिस्पर्ध्यांमधल्या ताज्या, कंपनीनिहाय विक्रीच्या देवाणघेवाणीकडे संशयाने बघतात ते याचमुळे. वरच्या हिशोबातले ७६९ आणि ९०० यांमधलं अंतर ती माहितीच भरून काढते.