गाळा एकाचा, ब्रँड दुसऱ्याचा: करार आधी संपला तर?

प्रश्न (कोल्हापूर): आइस्क्रीम पार्लरची फ्रँचायझी ५ वर्षांची आहे, गाळा मात्र लिव्ह अँड लायसन्सवर ३ वर्षांसाठी. अडीच वर्षं झाली. मालक म्हणतात, पुढे वाढवून देणार नाही, मुलाला दुकान टाकायचंय. कंपनी म्हणते, मुदतीआधी बंद केलंत तर उरलेल्या महिन्यांची किमान रॉयल्टी भरा. हे दोघं मिळून मला चिरडणार का?

मालकांना थांबवता येईल असं मला वाटत नाही. लिव्ह अँड लायसन्समध्ये जागा वापरायची परवानगी मिळते, जागेत हक्क निर्माण होत नाही. मुदत संपली की परवानगीही संपते. तुमच्या करारात 'नूतनीकरण उभयपक्षी संमतीने' असं वाक्य असेल, पण दुसरा पक्ष संमती देत नसेल तर त्या वाक्याचा काही उपयोग नाही. इंटिरियरवर मोठा खर्च केला म्हणून हक्क मिळतो, असंही अनेकांना वाटतं. परवानाधारकाने परवानगीच्या आधारावर पैसा घालून कायमस्वरूपी बांधकाम केलं असेल, तर काही वेळा परवाना मागे घेता येत नाही, हे खरं आहे. पण काउंटर, फॉल्स सीलिंग आणि पाट्या यांना कायमस्वरूपी बांधकाम म्हणणं कठीण आहे. शिवाय बहुतेक छापील करारांत या युक्तिवादाची वाट आधीच बंद केलेली असते.

कंपनीशी मात्र बोलायला बरीच जागा आहे. उरलेले महिने २४ आणि किमान रॉयल्टी दरमहा २५,००० धरली, तर त्यांची मागणी ६ लाखांवर जाते. भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ नुसार करारात लिहिलेली भरपाईची रक्कम ही वरची मर्यादा असते. तेवढी आपोआप मिळत नाही, न्यायालय किंवा लवाद त्या मर्यादेत वाजवी भरपाई ठरवतो. त्याच रस्त्यावर चार महिन्यांत कंपनीचं दुसरं पार्लर सुरू झालं, तर २४ महिन्यांचं नुकसान झालं हे सांगणं तिला अवघड जाईल.

पण ही बाजू मजबूत व्हायला हवी असेल तर हाताशी असलेले सहा महिने वाया घालवू नका. फ्रँचायझी करारात 'जागा बदल' किंवा 'स्थलांतर' असं कलम आहे का ते आज रात्रीच बघा. असेल तर त्यातली मुदत पाळून, नसेल तरीही, कंपनीला ईमेलने कळवा की मालक मुदतवाढ देत नाहीत, त्यांचं पत्र सोबत जोडलं आहे आणि त्याच भागातले हे दोन-तीन गाळे पाहून मंजुरी द्या. कंपनीने उत्तर दिलं नाही किंवा कारण न देता नकार दिला, तर पुढे तेच पत्र तुमच्या बाजूने बोलेल. नुसता फोन केलात तर हातात काहीच राहणार नाही.

दुसरा हिशेब स्वतःसाठी मांडा. इंटिरियरला १८ लाख आणि फ्रँचायझी शुल्क ६ लाख गेले असतील, तर ६० महिन्यांवर वाटून ते दरमहा ४०,००० होतात. ३६ व्या महिन्यात दुकान बंद झालं तर ९ लाख ६० हजार वसूल व्हायचे राहतात. नव्या गाळ्यात नेता येतील असे डीप फ्रीजर, काउंटर, बिलिंग मशीन यांची किंमत त्यातून वजा करा. फरशी आणि छत जागेवरच राहील. स्थलांतरासाठी कंपनी पुन्हा शुल्क मागत असेल तर हा आकडा समोर ठेवून शुल्कमाफी मागा. बऱ्याचदा निदान काही भाग सोडला जातो. आणि हो, अन्न सुरक्षेचा परवाना जागेशी बांधलेला असतो. नव्या पत्त्यावर तो वेगळा घ्यावा लागेल, त्याला लागणारे दिवस आधीच धरा.

प्रश्न (नाशिक): कंपनीने २२ व्या महिन्यात फ्रँचायझी रद्द केली. गाळ्याच्या करारात ३६ महिन्यांचं लॉक-इन आहे, म्हणजे तोवर करार सोडता येत नाही. दुकान बंद, तरी मालक उरलेल्या १४ महिन्यांचं भाडं मागतात. तिथेच माझ्या नावाने कॅफे काढू का?

फ्रँचायझी रद्द झाली म्हणून गाळ्याचा करार सुटत नाही. मालकांनी कंपनीशी कसलाही करार केलेला नाही, त्यांच्यासाठी तुम्ही आहात आणि तुमची सही आहे. तसं कलम गाळ्याच्या करारात नसेल तर कंपनी गेल्याचं कारण त्यांना ऐकून घ्यावं लागत नाही.

दरमहा भाडं ६०,००० असेल तर १४ महिन्यांचे ८ लाख ४० हजार होतात. इथेही विचार नुकसानभरपाईचाच करायचा. गाळा रिकामा पडला म्हणून मालकांचं खरोखर किती बुडालं, आणि ते टाळण्यासाठी त्यांना काय करता आलं असतं, हे करार कायद्याच्या कलम ७३ खाली पाहिलं जातं. म्हणून जागा सोडायची ठरलीच तर लेखी नोटीस द्या, किल्ल्या पोचपावती घेऊन द्या, रिकाम्या गाळ्याचे तारखेसह फोटो काढा आणि शक्य असेल तर नवा भाडेकरू स्वतः शोधून आणा. तीन महिन्यांत गाळा पुन्हा भाड्याने गेला, तर १४ महिन्यांची मागणी फार टिकत नाही. किल्ल्या खिशात ठेवून भाडं थांबवलंत, तर ताबा तुमच्याकडेच असल्यामुळे दर महिन्याला देणं वाढत जाईल. एक व्यावहारिक अडचणही सांगतो. अनामत मालकांकडे आहे. ते आधी तीच वळती करतील आणि वाद घालायला तुम्हाला कोर्टात जावं लागेल. त्यामुळे चार-पाच महिन्यांच्या भाड्यावर लेखी तडजोड झाली तर मी ती घ्या म्हणेन.

कॅफे काढायचा विचार मला पटतो, पण त्याआधी दोन कागद वाचा. पहिला गाळ्याचा करार. त्यात वापराच्या कलमात 'केवळ अमुक ब्रँडच्या आउटलेटसाठी' असं असेल तर मालकांची लेखी संमती लागेल. मिळायला हरकत नाही, कारण त्यांचं भाडं चालू राहतं. दुसरा फ्रँचायझी करार. त्यात 'करार संपल्यावर दोन वर्षं असाच व्यवसाय करणार नाही' असं छापलेलं असणार. करार चालू असताना असं बंधन चालतं. १९९५ च्या गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका-कोला या निकालात सर्वोच्च न्यायालयाने फ्रँचायझीबाबत ते मान्य केलं आहे. करार संपल्यानंतरचं बंधन मात्र करार कायद्याच्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. पण ब्रँडचं नाव, बोधचिन्ह, ओळखू येणारी रंगसंगती, गोपनीय पाककृती आणि ग्राहकांची यादी यांना हात लावू नका. बोर्ड उतरवल्याचे फोटो कंपनीला पाठवून ठेवा. कंपनीने रद्द करण्याआधी चूक सुधारण्याची मुदत दिली होती का, हेही वकिलांना दाखवा. ती दिली नसेल तर गाळ्यापायी झालेलं तुमचं नुकसान तुम्हीच कंपनीकडे मागू शकता.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): गाळा कंपनीनेच मालकाकडून घेतलाय आणि मला चालवायला दिलाय. मी भाडं कंपनीला वेळेवर देतो. आता कळतंय की कंपनीने पाच महिने मालकाला दिलंच नाही. मालक दारात येऊन नोटीस देऊन गेला.

तुमचा तिथे बसण्याचा अधिकार कंपनीच्या अधिकारावर उभा आहे. मालकाने कंपनीचा परवाना रीतसर संपवला तर तुमच्याकडे स्वतंत्रपणे दाखवायला काही उरत नाही, तुम्ही वेळेवर पैसे भरलेत तरीही. भाडेकरूंना संरक्षण देणाऱ्या कायद्याचा आधार शोधू नका. १ कोटी किंवा त्याहून अधिक भरणा झालेलं भांडवल असलेल्या कंपन्यांना दिलेल्या जागांना महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ लागूच होत नाही.

तरीही मालकाला उद्या सकाळी कुलूप ठोकता येत नाही. ताबा कायद्याच्या मार्गानेच घ्यावा लागतो. त्याने जबरदस्ती केली तर पोलिसांत तक्रार द्या आणि दिवाणी न्यायालयात मनाई मागा.

या आठवड्यात मूळ कराराची प्रत मिळवा. तो नोंदवलेला असेल तर नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर सूची क्रमांक २ दिसते आणि त्यावरून पूर्ण दस्त काढता येतो. त्यात पोटपरवाना द्यायची मुभा होती का, ते आधी पाहा. मग मालकाशी बोला. बहुतेक मालकांना थकबाकीपेक्षा चालू दुकान बंद पडण्याची जास्त भीती असते. भाडं थेट मालकाला देण्याचं ठरलं तर कंपनीची सही असलेलं तिघांचं पत्र करा: थेट दिलेली रक्कम कंपनीच्या देण्यातून वजा होईल. कंपनी सही करत नसेल तर वकिलामार्फत नोटीस देऊन, मालकाला भरलेल्या रकमेची वजावट करणार असल्याचं आधी कळवा. हे न करता पैसे वळवलेत तर कंपनी 'भाडं थकवलं' म्हणून तुमचीच फ्रँचायझी रद्द करेल.

प्रश्न (ठाणे, गाळामालक): माझ्या भाडेकरूने जिची फ्रँचायझी घेतली आहे ती कंपनी म्हणते, तो गेला तर गाळा आम्ही घेऊ, अशा पत्रावर सही करा. करू का?

करा, पण तीन गोष्टी लिहून घेऊन. तुम्ही कळवल्यापासून ३० दिवसांत कंपनीने हो किंवा नाही सांगावं, नाहीतर तुम्ही मोकळे. थकलेलं भाडं आणि वीजबिल आधी चुकतं व्हावं. आणि परवाना व्यक्तिगत असल्यामुळे कंपनीच्या नावाने नवा करार व्हावा, तो नोंदवावा. नोंदणीची जबाबदारी भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ ने मालकावर, म्हणजे तुमच्यावर टाकली आहे.

प्रश्न (सांगली): पुढच्या महिन्यात दोन्ही करारांवर सह्या करायच्यात. एजंट म्हणतो, गाळ्याचा करार ३ वर्षांचाच करा, मुद्रांक वाचेल. आणखी काय बघू?

मुद्रांकाचा मुद्दा आधी निकालात काढू. लिव्ह अँड लायसन्स ६० महिन्यांपर्यंत करता येतो आणि शुल्क एकूण भाडं अधिक परत मिळणाऱ्या अनामतीवर वर्षाला १० टक्के व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के आहे. भाडं ६०,००० आणि अनामत ३ लाख ६० हजार धरा. ५ वर्षांचं भाडं ३६ लाख, व्याज १ लाख ८० हजार, शुल्क ९,४५०. ३ वर्षांना ५,६७० लागतात. तुमचीही गुंतवणूक कोल्हापूरच्या उदाहरणाएवढी धरली, तर तुम्ही ३,७८० रुपये वाचवायला २४ लाख टांगणीला लावणार आहात. नोंदणी फी वेगळी, पण तीही किरकोळ आहे.

मग तारखा बघा. दोन्ही करार ५ वर्षांचे असूनही ते एकाच दिवशी संपत नाहीत. फ्रँचायझी सहीच्या दिवसापासून मोजतात की दुकान उघडल्यापासून? गाळ्याची मुदत बहुधा ताबा मिळाल्यापासून सुरू होते आणि इंटिरियरचे दोन महिने त्यातच जातात. दुकान उघडल्यापासून ५ वर्षं मोजणारी फ्रँचायझी असेल, तर शेवटचे दोन महिने तुम्ही गाळ्याशिवाय असाल. कंपनीला सांगून फ्रँचायझीची अखेरची तारीख गाळ्याच्या तारखेला बांधून घ्या.

आणि गाळ्याच्या करारात हे कलम मालकाकडून मागा: 'फ्रँचायझी करार कोणत्याही कारणाने संपल्यास परवानाधारक ९० दिवसांची लेखी नोटीस देऊन, लॉक-इन लागू न होता, हा करार संपवू शकेल किंवा दुसऱ्या कायदेशीर व्यवसायासाठी जागा वापरत राहील.' निवड तुमची आहे हे त्यात स्पष्ट असू द्या. 'फ्रँचायझी संपताच हा करार आपोआप संपेल' अशी वाक्यरचना कंपनीचा नमुना घेऊन येतो, आणि ती घेतलीत तर कंपनीने एक पत्र पाठवलं की तुमचा धंदा आणि जागा दोन्ही एकाच दिवशी जातील. मालक ९० ऐवजी १८० दिवस म्हणाले तरी कलम घ्या. फ्रँचायझी करारातही उलट बाजूचं वाक्य हवं: तुमची चूक नसताना गाळा गेला तर १२० दिवसांत नवी जागा शोधायची मुभा, त्या काळात किमान रॉयल्टी नाही, आणि जागा मिळालीच नाही तर दंडाशिवाय बाहेर पडायचा हक्क. कंपनी छापील करार बदलत नाही असं सांगेल. तेव्हा बदल पुरवणी पत्रावर मागा आणि त्यावर करारावर सही करणाऱ्याच अधिकाऱ्याची सही घ्या. विक्री प्रतिनिधीचा व्हॉट्सअॅप मेसेज धरू नका, कारण 'या दस्ताबाहेरचं कोणतंही आश्वासन बंधनकारक नाही' असं वाक्य त्याच कराराच्या शेवटच्या पानांवर सापडेल.