एकोणीस उदाहरणांची शीट आणि कपड्यांचे चिमटे

"मुलगा तिसरीत आहे, एडीएचडी आहे असं डॉक्टरांनी सांगितलंय. शाळेतून रोज एक वर्कशीट येते, ती संपायला दोन-दोन तास लागतात आणि शेवट रडारडीत होतो. तुकडे करून द्या, चित्रांची चेकलिस्ट लावा असं सगळेच सांगतात. पण म्हणजे नेमकं काय करायचं? मी ऑफिसमधून सातला घरी पोचते, घर वन रूम किचन, सासूबाईंची सिरियल चालू असते."

माझा लेक आता आठवीत आहे. तो तिसरीत असताना आम्ही परळला दोन खोल्यांत राहायचो आणि मी साडेसातच्या आत कधी घरी पोचले नाही, त्यामुळे तुमची संध्याकाळ मला डोळ्यासमोर दिसते. पुढे मी रेमेडियलचा कोर्स केला आणि आता अशीच मुलं शिकवते. तरी खाली लिहितेय ते बरंचसं त्या घरातच शिकलेलं आहे.

आधी तीन दिवस काहीही बदलू नका, फक्त मोजा. तो शीट घेऊन बसला की मोबाइलचं स्टॉपवॉच लावून फोन पालथा ठेवा आणि त्याची नजर कागदावरून पहिल्यांदा पूर्ण सुटते ती वेळ लिहून ठेवा. एकदा पंख्याकडे बघितलं ते धरायचं नाही. पेन्सिल खाली ठेवली, खोडरबर कुरतडायला लागला, उठला, तर ते धरायचं. माझ्या लेकाचे आकडे होते चार मिनिटं, पाच मिनिटं आणि तीन मिनिटं. तेवढ्या वेळात त्याच्या हातचा घ्यायच्या तीन वजाबाक्या व्हायच्या. म्हणून आमचा तुकडा तीन गणितांचा. तुमचा दोनांचा असेल किंवा पाचांचा, पण तो या मोजणीतून यायला हवा. "दहा-दहा मिनिटांचे भाग करा" असं कोणी सांगतं आणि आपण करतो, मग सहाव्या मिनिटाला तो उठतो आणि पद्धतच चालत नाही असं आपल्याला वाटतं.

याच मोजणीत आणखी एक गोष्ट तपासून घ्या, नाहीतर सगळी मेहनत फुकट जाते. अडलेलं गणित त्याला तोंडी विचारा. तोंडी पटकन आणि बरोबर सांगितलं, पण लिहायला युगं लागतात, तर अडचण बहुधा हात आणि लिखाणाची आहे. तोंडीसुद्धा येत नसेल तर ती कल्पनाच कळलेली नाही, आणि न कळलेल्या गणिताचे कितीही तुकडे केले तरी ते न कळलेलंच राहतं. तोंडी येतंय, पहिली तीन कागदावरही नीट उतरतात आणि चौथ्यापासून गाडी घसरते, असं असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

आता एक खरी शीट घेऊ. आमच्याकडे आलेली एक मला अजून आठवते: तीन अंकी बारा वजाबाक्या, पाच गाळलेल्या जागा, खाली दोन शाब्दिक उदाहरणं. एकूण एकोणीस. ए-फोर कागदावर दाटीवाटीने छापलेली, कडेला मिकी माउस. आपल्याला ती एक शीट दिसते. त्याला एकोणीस गोष्टी एकदम दिसतात आणि त्यातलं आत्ता काय करायचं, झालं किती, उरलं किती, हे डोक्यात धरून ठेवायचं कामच त्याला जड जातं. रसेल बार्कले या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एडीएचडीबद्दल मांडलेला एक मुद्दा मला फार उपयोगी पडला. या मुलांना काय करायचं ते माहीत असतं, ऐन वेळी ते करणं जमत नाही, म्हणून मदत जिथे आणि जेव्हा काम चाललंय तिथेच हवी. आदल्या रात्री समजावून सांगितलेलं दुसऱ्या संध्याकाळी टेबलावर हजर नसतं. चेकलिस्ट हजर असते.

तुकडे मी असे पाडले. वजाबाक्यांचे तीन-तीनचे चार. गाळलेल्या जागा पाचही मिळून एक, कारण त्यात लिहायचं थोडं. दोन शाब्दिक उदाहरणांचे मात्र दोन वेगळे तुकडे, कारण एकेक वाचून समजून घ्यायलाच चार मिनिटं जातात. झाले सात. नवऱ्याच्या नव्या शर्टाच्या घडीत पुठ्ठा येतो ना, त्याला एक आडवी खिडकी कापली, बरोबर तीन गणितांची एक ओळ दिसेल एवढी. पुठ्ठा शीटवर ठेवला की बाकी सगळं झाकलेलं. पहिल्या आठवड्यात मी शीट कात्रीने कापून पट्ट्याच दिल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी एक पट्टी सोफ्याखाली सापडली, आणि शाळेत चिकटवलेली शीट नेली म्हणून बाईंचं ऐकून घ्यावं लागलं ते वेगळंच. कापू नका, झाका.

सुरुवात कुठल्या ओळीने करायची तेही ठरवा. बसायला लावणं हाच सगळ्यात कठीण भाग असतो, म्हणून पहिला तुकडा सगळ्यात सोपा द्यायचा, मग तो शीटवर कुठेही असो. शीट वरून खालीच सोडवली पाहिजे असा काही नियम नाही.

चेकलिस्ट म्हणजे आमच्याकडे पुठ्ठ्याची एक उभी पट्टी आणि कपडे वाळत घालायचे चिमटे. पट्टीवर वरून खाली चित्रं. पहिलं चित्र नीट मांडलेल्या टेबलाचा फोटो: शीट, टोक केलेल्या दोन पेन्सिली, खोडरबर, पाण्याची बाटली. हा फोटो आमच्याच टेबलाचा, मोबाइलवर काढून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून घेतलेला. इंटरनेटवरून घेतलेल्या हसऱ्या पेन्सिलीच्या चित्रापेक्षा तो बरा, कारण टेबल त्या फोटोसारखं दिसतंय की नाही हे मूल स्वतः पडताळू शकतं. त्याखाली चार चौकोन, चार तुकड्यांचे, प्रत्येकात तीन ठिपके. शेवटी जेवणाच्या ताटाचं चित्र. एका तुकड्याचं काम झालं की तो स्वतः चिमटा काढून खालच्या चौकोनाला लावायचा. बरोबरच्या खुणेपेक्षा चिमटा चांगला, हाताला काम मिळतं आणि "मी आत्ता कुठे आहे" हे लांबूनही दिसतं.

सातही तुकडे एका पट्टीवर लावू नका. ती पट्टीच दुसरी एकोणीस गणितांची शीट होते. आमच्या दोन पट्ट्या होत्या. जेवणाआधीची चारांची, आणि जेवणानंतरची तीनांची, जिच्या शेवटी दप्तराचं चित्र: शीट फोल्डरमध्ये, फोल्डर दप्तरात. हे चित्र विसरू नका. पूर्ण केलेली शीट गादीवर राहिली आणि शाळेत शून्य मिळालं, हे आमच्याकडे तीनदा झालंय.

पट्टीवर फक्त डोळ्यांना दिसणारी कामं असावीत. "लक्ष दे", "नीट बस", "अक्षर चांगलं काढ" यातलं काही नाही. ते झालं की नाही हे कोण ठरवणार? आई. मग ती पट्टी आईची ओरडायची पट्टी होते आणि आठवड्याभरात ती फाटलेली सापडते.

दोन तुकड्यांच्या मध्ये दोन मिनिटं सुट्टी, अंग हलवायची. आमच्याकडे गॅलरीच्या टोकापर्यंत जाऊन परत यायचं, किंवा आजीला पाणी नेऊन द्यायचं. मोबाइल आणि टीव्ही नाही, कारण त्यातून परत आणणं हेच एक नवीन भांडण. सुट्टी संपल्याची खूण तुमचा आवाज नसावा. मी शाम्पूच्या पुडीएवढी छोटी वाळूची घड्याळं आणली होती, ती चाललीच नाहीत, वाळू बघत बसायचा. शेवटी साधा किचन टायमर चालला. कुकरच्या शिट्टीवरही प्रयोग केला, पण कुकर आपल्या मर्जीचा.

आता तुमची जागा. त्याच्या शेजारी बसायचं, पण बोलायचं नाही. थांबला तर पट्टीवर बोट ठेवायचं, बस. "पुढे काय? पुढे काय?" असं प्रत्येक वेळी तोंडाने म्हटलं तर तो पट्टीकडे बघायचं सोडून तुमच्याकडे बघायला शिकतो. आणि तपासायचं प्रत्येक तुकड्यानंतर, अख्खी शीट झाल्यावर नाही. तीनपैकी एक चुकलं तर तिथल्या तिथे दुरुस्त होतं. बाराच्या बारा ठिकाणी हातचा विसरला आणि शेवटी सगळं खोडायला लावलं, की तिथेच रडारड. सासूबाईंच्या सिरियलशी भांडू नका. त्याची पाठ टीव्हीकडे, तोंड भिंतीकडे, पट्टी त्या भिंतीला. आवाजापेक्षा हलती चित्रं जास्त ओढतात, निदान माझ्या मुलाला.

पहिल्या दिवशी आम्हाला जेवण सोडून पंचावन्न मिनिटं लागली. माझा हिशेब होता सात तुकड्यांची पस्तीस आणि सुट्ट्यांची दहा-बारा, म्हणजे दहाएक मिनिटं वर गेली. पण रडणं नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात चाळीसवर आलो आणि त्याच आठवड्यात पट्टीचा कंटाळा आला. हे होतंच, नव्याची नवलाई असते. चित्रं बदला, चिमट्यांचे रंग त्याला निवडू द्या, पद्धत बदलू नका. शाळेच्या पाच दिवसांपैकी चार दिवस तुमचं बोट न लागता पट्टी पूर्ण झाली, की तुकडा तीनचा चार करा. एका वेळी एकच वाढवा. घसरला तर परत तीन.

माझी मोठी चूक सांगते. एकदा तो पंचवीस मिनिटांत मोकळा झाला आणि मी म्हटलं, वा, वेळ आहे तर अजून पाच करू. दुसऱ्या दिवसापासून त्याने एकेका गणिताला मुद्दाम दहा मिनिटं लावली. पट्टी संपली म्हणजे अभ्यास संपला, हे वचन मोडलं की पट्टीचा भाव शून्य.

एवढं करूनही रोज तासाच्या वर जात असेल तर शीटच मोठी आहे. वर्गशिक्षिकेला भेटा, तुमच्या तीन दिवसांच्या नोंदी दाखवा आणि नेमकं मागा: बारापैकी फक्त विषम क्रमांकाच्या वजाबाक्या चालतील का? सहा वजाबाक्यांत हातचा येतो की नाही ते तितकंच कळतं. "मुलाला समजून घ्या" म्हटलं की बाई मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी तीच शीट येते. सहा गणितांना हो किंवा नाही म्हणावं लागतं. आमच्या बाई आधी नाही म्हणाल्या, महिन्याभराने हो म्हणाल्या. तोंडी उत्तरं आणि लिखाण यांत फार तफावत दिसली तर लर्निंग डिसॅबिलिटीची तपासणी करून घ्या. मुंबईत सायन आणि नायर या महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांतही ती होते, फक्त नंबर लागायला वेळ जातो.

आणि औषध चालू असेल तर डॉक्टरांना एवढं विचारा की त्याचा परिणाम संध्याकाळी साडेसातला असतो का. मेथिलफेनिडेटची साधी गोळी साधारण चार तास टिकते. सकाळी शाळेसाठी दिलेली तुम्ही घरी पोचेपर्यंत उतरलेली असते. डोस आपल्या मनाने हलवू नका. पण दुपारपर्यंत परिणाम टिकत असेल तर पहिली पट्टी दुपारी, शाळेतून आल्यावर खाऊन झालं की, आजीसोबत होऊ शकते. चिमटा आजीलाही कळतो. माझ्या सासूबाई तर सिरियलच्या जाहिरातीत उठून पट्टी बघून यायच्या.