मूळ नक्षत्राची सून आणि एडिसनचं घड्याळ

"माझी मुलगी २७ वर्षांची, जन्म इथलाच, न्यू जर्सीतल्या एडिसनचा. तिनं स्वतः पसंत केलेल्या मुलाचं घर नाशिकचं. सगळं ठरत आलं आणि पत्रिका गेल्यावर मुलाच्या आईचा फोन आला. 'मुलगी मूळ नक्षत्राची आहे, हे तुम्ही आधी बोलला नाहीत. ह्यांची मागच्या वर्षी बायपास झालीय हो, मनात पाल चुकचुकते.' मुलीच्या जन्माच्या वेळी सांगलीहून सासूबाईंनी पत्रिका करून पाठवली होती. मूळ, दुसरं चरण. शांत करून घ्या असंही लिहिलं होतं, पण तेव्हा इथे गुरुजी कुठून आणणार? राहून गेलं. आता ॲपवर घातलं तर 'गंडमूळ दोष' असं लाल अक्षरांत येतं. कोणी केतूचा खडा सांगतं, कोणी म्हणतं आधी कुंभाशी लग्न लावा. मुलीला अजून काही सांगितलेलं नाही. मुलाचं नक्षत्र आश्लेषा आहे. गुण २४ च्या वर जमतात. षडाष्टक आहे, पण त्याबद्दल त्यांची तक्रार नाही. काय करू?"
– एक आई, एडिसन

तुमच्या पत्रात सासूबाईंच्या पत्रिकेची झेरॉक्स होती म्हणून बरं झालं. उत्तर बरंचसं तिथेच सापडलं.

सासूबाईंनी जन्मवेळ लिहिलीय रात्री ९ वाजून ४० मिनिटं. जुलै महिना, गुरुपौर्णिमा जवळ आलेली. त्या दिवशी पंचांगात ज्येष्ठा सकाळी ११.१० ला संपून मूळ लागतं आणि दुसऱ्या दिवशी ११.२५ ला संपतं. एकूण सव्वाचोवीस तास. त्याचे चार भाग केले की एक चरण सहा तास आणि चार मिनिटांचं होतं. पहिलं संध्याकाळी सव्वापाचपर्यंत, दुसरं रात्री ११.१८ पर्यंत. ९.४० त्यात बसतं, म्हणून दुसरं चरण. हिशेब चोख आहे. फक्त घड्याळ चुकलंय. पंचांगातल्या वेळा भारतीय असतात आणि तुमची मुलगी जन्मली एडिसनला. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ भारताच्या साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. तिथे रात्रीचे ९.४० वाजले तेव्हा सांगलीत दुसऱ्या दिवसाची सकाळ उजाडून ७.१० झाले होते. मूळ लागून बरोबर वीस तास. तिसरं चरण पहाटे ५.२१ लाच संपलं होतं. म्हणजे तुमच्या मुलीचा जन्म मूळ नक्षत्राच्या चौथ्या चरणावर आहे.

नक्षत्र बदललं नाही, चरण बदललं, मग एवढं काय, असं तुम्हाला वाटेल. पण या विषयात सगळी मेख चरणातच आहे.

ज्याला हल्ली सगळे गंडमूळ म्हणतात तो शब्द मुळात उत्तरेकडचा. तिकडे अश्विनी, आश्लेषा, मघा, ज्येष्ठा, मूळ आणि रेवती ही सहाच्या सहा नक्षत्रं त्यात धरतात. जिथे जलराशी संपून अग्निराशी सुरू होते, त्या सांध्याच्या अलीकडची आणि पलीकडची ही नक्षत्रं. आपल्याकडच्या रिवाजात आश्लेषा, ज्येष्ठा आणि मूळ ही तीन पूर्ण धरतात, बाकीच्यांचा सांध्याजवळचा तुकडा. ॲपला हा फरक ठाऊक नसतो. सत्तावीसातली सहा, म्हणजे दर नऊ माणसांमागे दोघांना ते लाल अक्षर दिसणार.

आता विहीणबाईंच्या मनातली भीती नेमकी कुठून येते ते बघा. लग्नाच्या संदर्भातला हा नियम काशीच्या राम दैवज्ञांच्या 'मुहूर्तचिंतामणी'त, विवाह प्रकरणात आहे. ग्रंथ १६०० सालचा. नियम असा: आश्लेषेवर जन्मलेलं सासूला वाईट, मूळ नक्षत्रावर जन्मलेलं सासऱ्याला वाईट, ज्येष्ठेवरची मुलगी थोरल्या दिराला आणि विशाखेवरची धाकट्या दिराला. लोक इथपर्यंत ऐकतात आणि उठतात. पण लगेच पुढे अपवाद सांगितलाय: मूळ नक्षत्राचं शेवटचं चरण आणि आश्लेषेचं पहिलं चरण हे सासू-सासऱ्यांना शुभच. जन्माच्या वेळी आईवडिलांवर जी फळं सांगतात तिथेही हाच क्रम आहे. मूळ पहिलं चरण वडिलांना, दुसरं आईला, तिसरं पैशाला वाईट आणि चौथं शुभ. सांगलीच्या पत्रिकेप्रमाणे हे फळ तुमच्यावर यायला हवं होतं. आज २७ वर्षांनी तुम्ही स्वतः चार पानी पत्र लिहिताय.

आणखी एक गोष्ट आहे, ती मला स्वतःला फार गमतीची वाटते. आश्लेषा आणि मूळ यांच्याबद्दल बोलताना त्या श्लोकात नुसती मुलगी नाही, मुलगा आणि मुलगी दोघंही आहेत. स्थळं बघताना मात्र मुलीचंच नक्षत्र विचारलं जातं. तुमचा होणारा जावई आश्लेषेचा आहे. पहिलं चरण नसेल, तर त्याच श्लोकाप्रमाणे धोका त्याच्या सासूला, म्हणजे तुम्हाला. नाशिकहून कोणी फोन करून तुमच्या तब्येतीची चौकशी केली का? तुम्हालाही ते सुचलं नसणार, आणि सुचायला हवं होतं असं माझं मुळीच म्हणणं नाही. चंद्र कुठल्या नक्षत्रात होता यावरून कोणाच्या सासऱ्याचं हृदय चालतं किंवा थांबतं, याला कसलाही पुरावा नाही. पण विहीणबाईंशी बोलताना पुराव्याची भाषा चालणार नाही. त्यांची भीती ज्या शास्त्रातून आली, त्याच शास्त्रातला अपवाद त्यांच्यासमोर ठेवलात तर मात्र त्या ऐकतील.

तेव्हा पहिलं काम म्हणजे पत्रिका नव्यानं करून घ्या. जन्मवेळ आठवणीतून देऊ नका. तुमच्याकडे राज्याचा छोटा दाखला असेल तर त्यावर बहुधा वेळ नसते. सविस्तर दाखला मागवा, नाहीतर हॉस्पिटलचे कागद शोधा. (इंग्लंडमधल्या वाचकांसाठी: तुमच्या दाखल्यावर जुळी-तिळी असतील तरच वेळ लिहितात, त्यामुळे बाळाची लाल वही जपून ठेवा.) सॉफ्टवेअरमध्ये एडिसन हे जन्मस्थळ घातलंत तर वेळ तिथलीच, ९.४० घाला. हुशारीनं भारतीय वेळ काढून ती घातली आणि गावही एडिसन ठेवलं, तर साडेनऊ तासांची चूक पुन्हा होते, उलट्या दिशेनं. ही चूक मी पुष्कळ पत्रिकांत बघितलीय. अयनांश चित्रापक्ष, म्हणजे लाहिरी, आहे ना तेही बघा. दुसरा कुठला असेल तर नक्षत्राची वेळ दोन-अडीच तासही सरकू शकते. लाहिरीच धरलं तर तुमच्या बाबतीत दोन्ही बाजूंना पुरेसं अंतर आहे, पण चरणाच्या अगदी कडेवर जन्म असेल तर वीस मिनिटांनीही निकाल फिरतो. तसं असेल तर ज्योतिषाला तेही सरळ विचारायचं.

विहीणबाईंचं तरीही समाधान झालं नाही, तर शांतीचं बघू. जननशांत मुळात बाराव्या दिवशी किंवा पुढच्या महिन्यात तेच नक्षत्र फिरून आलं की, साधारण २७ दिवसांनी करतात. राहून गेली असेल तर लग्नाआधी मूळ नक्षत्र असलेल्या दिवशी करण्याचा प्रघात आहे. पुण्याहवाचन, कलशावर निर्ऋतीची मुख्य प्रतिमा, शेजारी इंद्र आणि आप, ग्रहमख, हवन आणि शेवटी आईवडील आणि मुलगी यांच्यावर शंभर छिद्रांच्या घटातून अभिषेक. तान्ह्या बाळाला सुपात ठेवून गाईच्या मुखापाशी नेतात आणि वडील तुपाच्या वाटीत त्याचं तोंड बघतात. हे भाग मोठ्या मुलीच्या बाबतीत अर्थातच सुटतात. अपार्टमेंटमध्ये हवनाच्या भानगडीत पडू नका, धुराचा अलार्म पुण्याहवाचनाच्या आधीच वाजेल. देवळातल्या यज्ञकुंडाशी करा आणि गुरुजींना आधीच विचारा की मूळशांतीचा प्रयोग त्यांना येतो का. बरेच जण नवग्रहशांत करून तेच नाव देतात.

एक खबरदारी मात्र घ्या. ही शांत जन्माच्या वेळच्या आईवडिलांवरच्या फळासाठी सांगितलेली आहे, म्हणून ती तुम्हा तिघांची आहे. 'आमच्या घरात येण्याआधी मुलगी शुद्ध करून पाठवा' अशा सुरात कोणी बोललं, तर ती शांत तिथेच रद्द करा. शक्य असेल तर विहीणबाईंना व्हिडिओवर बसवा. त्यांच्यासमोर झाली की निम्मं ओझं उतरतं.

कुंभविवाहाचा इथे संबंधच नाही. तो वैधव्ययोगासाठी आणि कडक मंगळासाठी सांगतात, मूळ नक्षत्रासाठी नाही. सांगणाऱ्यानं दोन औषधं एकाच बाटलीत ओतलीत. खडा विकणाऱ्याचा हिशेब सोपा असतो. अश्विनी, मघा, मूळ यांचा स्वामी केतू म्हणून लसण्या. आश्लेषा, ज्येष्ठा, रेवती यांचा बुध म्हणून पाचू. शांतीच्या प्रयोगात दोन्ही नाहीत. घेऊ नका. आणि 'सासरा नसलेलं स्थळ बघा' असं जे आपल्याकडे मूळच्या मुलींना पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत, त्यावर मी काय बोलू? ज्या घरात वडील आधीच गेलेत, तिथे सुनेच्या नक्षत्रानं जायला आता कोणी उरलं नाही म्हणून समाधान मानायचं.

मुलीला आजच सांगा. तिच्या फोनमध्ये तेच ॲप आहे आणि होणारा नवरा तिला आज ना उद्या सांगणारच. तुमच्या तोंडून कळलं तर चरणाचा हिशेबही सोबत कळेल. तिला मनापासून नको असेल तर शांत करू नका आणि ते विहीणबाईंना तुम्ही स्वतः कळवा, तिच्यावर टाकू नका.

राहता राहिली सासऱ्यांची बायपास. लग्न तिकडे असेल तर त्यांना एवढा मोठा प्रवास झेपेल का, हे त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारायला विहीणबाईंना सांगा. सलग सोळा तासांचं विमान घेण्यापेक्षा मध्ये एक थांबा घ्यायचा का, तेही त्यांनाच विचारू द्या. अमेरिकेला येणाऱ्या पाहुण्यांच्या विम्यात आधीपासूनचा आजार बरेचदा वगळलेला असतो. 'अचानक उद्भवलेला त्रास' एवढंच धरलेलं असतं आणि त्यालाही वयाची अट असते. पॉलिसीतला तो परिच्छेद तुम्ही स्वतः वाचून मगच तिकिटं काढा.