घरच्या फ्रिजमध्ये इन्सुलिन कुठे ठेवावे?

प्रश्न: इन्सुलिन फ्रिजमध्ये नेमके कुठे ठेवायचे आणि वीज गेली तर काय करायचे?

उत्तर: न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये, मूळ खोक्यासह, मधल्या कप्प्यात पुढच्या बाजूला ठेवावे. दारातले तापमान उघडझापीमुळे सतत बदलते, तर मागच्या भिंतीला किंवा फ्रीजरच्या लगत ठेवलेली कुपी गोठू शकते, आणि माझ्या मते घरात हाच धोका जास्त दुर्लक्षिला जातो. गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर पूर्वीसारखेच दिसले तरी टाकूनच द्यावे. फ्रिजच्या बटणावरील आकडे म्हणजे अंश नव्हेत. म्हणून त्या कप्प्यात साधा थर्मामीटर ठेवून सकाळ-संध्याकाळ पाहावे.

वीज गेल्यास दार उघडू नये, कारण बंद फ्रिज साधारण ४ तास थंड राहतो. समजा, दुपारी १ वाजता वीज गेली आणि ५ वाजेपर्यंत आली नाही, तर खोके थर्मासमध्ये हलवावे. मात्र बर्फाची पिशवी जाड कापडात गुंडाळावी, तिचा कुपीला थेट स्पर्श नको. तापमान ८ अंशांच्या थोडे वर गेले म्हणून औषध लगेच वाया जात नाही, कारण बरीच इन्सुलिने उघडल्यावर २५ ते ३० अंशांखाली सुमारे ४ आठवडे चालतात (नेमकी मुदत माहितीपत्रकात असते). तरीही किती तास, किती तापमानात गेले हे लिहून औषधविक्रेत्याला विचारावे. स्वच्छ इन्सुलिन गढूळ झाले, किंवा दुधाळ इन्सुलिन हलक्या हाताने घोळवूनही त्यात गुठळ्या राहिल्या, तर ते वापरू नये.