दूध उतू जातंय, आणि लेखकाचा हेतू

प्रश्न: माझी मुलगी अकरावीत आहे, एसएटीची तयारी करतेय. उताऱ्याची ‘मेन आयडिया’ विचारली की ती कधी चुकत नाही, पण ‘मेन पर्पज’ विचारलं की हमखास चुकते. मला तर दोन्ही एकच वाटतात. फरक नेमका कुठे आहे?

उत्तर:

सकाळी तुम्ही पेपर वाचत बसलेले असता आणि स्वयंपाकघरातून हाक येते, "अहो, दूध उतू जातंय!" यात सांगितलंय काय? दूध उतू जातंय. आणि कशासाठी सांगितलंय? तुम्ही उठून गॅस बंद करावा म्हणून. "हो का" म्हणून जो पुढचं पान उलटतो, त्याला मेन आयडिया अगदी बरोबर कळलेली असते. पर्पजच्या प्रश्नात मात्र तो नापास, आणि घरात त्याचं पुढे काय होतं ते वेगळं सांगायला नको.

मी बरीच वर्षं या परीक्षांच्या वाचनाचे वर्ग घेतोय. तुमच्या मुलीसारखी दोन-चार मुलं प्रत्येक बॅचमध्ये असतात, आणि गंमत म्हणजे ती बहुतेकदा चांगली वाचणारी असतात. उताऱ्यातला मजकूर त्यांच्या डोक्यात इतका पक्का बसतो की पर्यायांमध्ये तोच मजकूर दिसला की हात आपोआप तिकडे जातो. पर्याय खरा असतो, उताऱ्यात असतो, फक्त विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नसतो.

एक उतारा घेऊन बघू. परीक्षेत तो इंग्रजीत असेल, पण अडचण भाषेची नाही, म्हणून मी मराठीतच लिहितो. लांबी एसएटीच्या उताऱ्याइतकीच ठेवलीय, तिथे 25 ते 150 शब्दांचे उतारे असतात.

"ब्रिटिश आरमारातला डॉक्टर जेम्स लिंड याने 1747 मध्ये स्कर्व्ही झालेल्या बारा खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री आणि लिंबू मिळालेली जोडी सगळ्यांत लवकर सुधारली. तरी आरमारात लिंबाचा रस सरसकट द्यायला 1795 साल उजाडलं. या उशिराचं खापर सहसा सुस्त अधिकाऱ्यांवर फोडलं जातं. पण लिंडचा 1753 मधला जाडजूड ग्रंथ उघडला, तर त्यात या प्रयोगाला मोजकीच पानं मिळालेली दिसतात. स्कर्व्हीचं कारण म्हणून तो दमट हवेसारख्या इतर गोष्टींकडेही बोट दाखवतो. शिवाय रस टिकावा म्हणून तो आटवून ठेवायची त्याने सुचवलेली रीत रसाचा गुणच घालवणारी होती."

याची मेन आयडिया काय? लिंबाचा उपाय स्वीकारायला उशीर झाला त्याला केवळ अधिकारी नव्हे, तर लिंडची स्वतःची मांडणीही कारणीभूत होती. हे एक पूर्ण विधान आहे. त्यावर कुणी "खरं आहे" किंवा "पटत नाही" म्हणू शकतो. त्याच्या आधी "लेखकाचं म्हणणं असं की" हे शब्द लावले तर वाक्य सरळ बसतं.

आता पर्पज. लेखकाने एक रूढ समजूत समोर ठेवली आणि ती अपुरी आहे हे दाखवलं. यात विधान नाही, कृती आहे. "खरं आहे का?" असं यावर विचारताच येत नाही. लेखकाने काय केलं, एवढंच यात सांगितलंय. म्हणून या प्रश्नाचे पर्याय बहुतेक वेळा क्रियापदावर उभे असतात: समजावणे, वर्णन करणे, तुलना करणे, शंका घेणे, खोडून काढणे.

इथपर्यंत कुठल्याही गाईडमध्ये सापडेल. पण दोन्हीतला फरक खरा अंगी बाणतो तो पुढच्या प्रयोगाने, तो मुलीला कागदावर करायला सांगा. वरच्या उताऱ्यातलं "या उशिराचं खापर सहसा सुस्त अधिकाऱ्यांवर फोडलं जातं" हे एकच वाक्य पेन्सिलीने खोडा. पुढचा "पण"ही खोडा. आता उतारा परत वाचा. मेन आयडिया जवळजवळ तशीच राहते: उशिराला लिंडची मांडणी कारणीभूत होती. पर्पज मात्र पार बदलतो. आता लेखक कुणाला दुरुस्त करत नाहीये, तो फक्त एका उशिराचं कारण सांगतोय. तपशील तेच, निष्कर्ष तोच, पण "खोडून काढणे" जाऊन "स्पष्ट करणे" आलं. एका वाक्याने हेतू पालटतो आणि विचार जागच्या जागी राहतो, म्हणजे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मग वेगळं पटवून द्यावं लागत नाही.

खोडलेलं ते वाक्य असतं कसं, हेही बघा. ते लेखकाचं मत नाही. ते दुसऱ्याचं मत आहे, लेखकाने ज्याच्यासमोर उभं राहायचं ठरवलंय त्याचं. मेन आयडिया शोधताना आपण अशी वाक्यं बाजूला सारतो, आणि ते बरोबरच आहे. पर्पज शोधताना मात्र हीच वाक्यं हवी असतात, कारण लेखक कुणाशी बोलतोय ते तिथेच कळतं. "सहसा", "असं मानलं जातं", "अनेकांना वाटतं" आणि त्यांच्या पाठोपाठ येणारा "पण" हे शब्द दिसले की पेन्सिल थांबवायची. मुलगी आयडियाच्या प्रश्नात इतकी पक्की आहे म्हणताय, तर माझा संशय असा की तिला ही वाक्यं वगळायची सवयच लागली असणार.

आता पर्पजचे चार पर्याय असे असतील असं समजा.

अ. लिंडने प्रयोग कसा केला ते समजावणे.
ब. एका ऐतिहासिक उशिराबद्दलची रूढ समजूत अपुरी असल्याचं दाखवणे.
क. लिंडच्या ग्रंथात त्याच्या प्रयोगाला थोडीच जागा मिळाली हे सांगणे.
ड. स्कर्व्हीवरील उपायाचं श्रेय लिंडला देणं चूक असल्याचं सिद्ध करणे.

माझ्या वर्गात सगळ्यांत जास्त मुलं ‘क’वर घसरतात. हा पर्याय खरा आहे, शब्दही उताऱ्यातलेच आहेत. पण नीट बघा, हे एक विधान आहे, त्याच्या शेवटी "हे सांगणे" अशी शेपटी लावून त्याला हेतूचे कपडे चढवलेत. ‘सांगणे’ हे क्रियापद कुठल्याही वाक्याला चिकटवता येतं, म्हणून ते दिसलं की सावध व्हायचं. शेपटी काढून उरलेलं वाक्य बघायचं. इथे उरतो तो उताऱ्यातला एक तपशील, जो दुसरं काहीतरी दाखवायला वापरलाय.

‘अ’ मध्ये क्रियापद ठीक आहे, पण त्याचं कर्म फक्त पहिल्या दोन वाक्यांपुरतं आहे. लेखकाला प्रयोग समजावायचा असता तर तो ग्रंथाच्या पानांत कशाला शिरला असता? ‘ड’ मध्ये उलटी गडबड आहे, दिशा थोडीफार बरोबर आणि जोर भलताच. लेखक लिंडचं श्रेय काढून घेत नाही, आणि "सिद्ध करणे" एवढा पुरावा एवढ्याशा उताऱ्यात मावतही नाही. क्रियापदाचा जोर उताऱ्याच्या आवाजाशी जुळतो का, ही तपासणी आयडियाच्या प्रश्नात क्वचितच लागते, पर्पजच्या प्रश्नात दरवेळी लागते. शांतपणे शंका घेणारा लेखक आणि ‘हल्ला चढवणे’ हे क्रियापद, असली जोडी पर्यायांत वारंवार भेटते.

मग ‘ब’ का? त्यात ना लिंडचं नाव आहे, ना लिंबाचं. मुलांना हा पर्याय कोरडा वाटतो, "यात तर काहीच नाही सर" म्हणतात. पण पर्पजचं बरोबर उत्तर पुष्कळदा असं नाव-गाव नसलेलंच असतं, कारण कृतीला नावांची गरज नसते. आयडियाच्या उत्तरात लिंड नसेल तर काहीतरी चुकलंय. पर्पजच्या उत्तरात नसला तरी चालतो.

याच प्रश्नाचं एक धाकटं भावंड आहे, तेही लक्षात ठेवा. उताऱ्यातलं एक वाक्य अधोरेखित करून त्याचं काम काय असं विचारतात. समजा "बारा खलाशांच्या सहा जोड्या" हे वाक्य अधोरेखित आहे. ते काय सांगतं हे विचारलेलं नाही, ते दिसतंच आहे. ते तिथे कशाला आहे, हे विचारलंय. प्रयोग किती नेटका होता हे आधी दिसलं नाही तर पुढचा एवढा उशीर कोड्यासारखा वाटणार नाही, म्हणून ते आहे. इथेही युक्ती तीच: वाक्य झाका आणि पुढचं काय लंगडं पडतं ते बघा.

डिजिटल एसएटीत एका उताऱ्यावर एकच प्रश्न असतो, त्यामुळे दोन्ही प्रश्न एकाखाली एक ठेवून फरक बघायची संधी परीक्षेत मिळत नाही. ती घरी करून घ्यावी लागते. सरावाचा कुठलाही पर्पजचा प्रश्न घ्या आणि पर्याय न बघता त्याच उताऱ्याची आयडिया एका वाक्यात लिहायला सांगा. मग त्याच्याखाली एकच मराठी क्रियापद: हा माणूस इथे काय करतोय? पर्याय त्यानंतर उघडायचे. माझ्याकडच्या एका मुलीने लिंडच्या उताऱ्याखाली "समजूत काढतोय" लिहिलं, दुसऱ्याने "भांडतोय". दोघांनाही ‘ब’ लगेच सापडला. परीक्षेत वाचन-लेखनाच्या दोन भागांपैकी प्रत्येकात 32 मिनिटांत 27 प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटाहून कमीच वेळ मिळतो. तिथे लिहीत बसता येणार नाही, पण क्रियापद मनात म्हणायला दोन सेकंद पुरतात.

एक कबुली देतो. काही उताऱ्यांत तुमचंच म्हणणं बरोबर असतं. एखाद्या कीटकाचं जीवनचक्र नुसतं वर्णन केलेलं असेल, कुणाशी वाद नाही, काही सुचवणं नाही, तर आयडिया आणि पर्पज यांत फरक जवळपास वाक्यरचनेपुरताच उरतो: "हा कीटक असा जगतो" आणि "हा कीटक कसा जगतो त्याचं वर्णन करणे". अशा ठिकाणी मुलीने लपलेला हेतू खणत बसू नये. पर्पजचा धडा नुकताच शिकलेली मुलं तेच करतात, आणि सरळ वर्णनाच्या उताऱ्यातही लेखक कुणावर तरी टीका करतोय असं शोधून काढतात.