दहावीच्या निरोप समारंभात मुख्याध्यापकांनी काय बोलावं?

प्रश्न: या वर्षीच मुख्याध्यापकपदाचा कार्यभार घेतला आहे. निमशहरी भागातली मराठी माध्यमाची शाळा आहे. दहावीच्या निरोप समारंभात अध्यक्षीय भाषण करायचं आहे. आयुष्याच्या नव्या टप्प्याबद्दल बोलायचं आहे, पण ठरावीक वाक्यांपलीकडे काही सुचत नाही. भाषण कसं बांधू?

उत्तर: आधी वेळेचं बघा. अध्यक्षीय भाषण शेवटी येतं. तोवर मुलांची मनोगतं झालेली असतात, निम्म्या वर्गाचे डोळे ओले असतात आणि अल्पोपाहाराच्या पिशव्या मागे आलेल्या असतात. त्यामुळे आठ मिनिटं पुरे. सावकाश बोललं तर मिनिटाला साधारण 100 शब्द होतात, म्हणजे लिखाण 800 शब्दांच्या आत ठेवा. हॉल तिकीट, साडेदहाला केंद्रावर पोहोचणं, कॉपीविषयीची तंबी हे सगळं भाषणातून काढून टाका. त्याचा छापील कागद वर्गशिक्षकांकडून द्या. या सूचना भाषणात आल्या की मुलं त्याला सूचनाच समजतात आणि पुढचं काही ऐकत नाहीत.

‘दहावी म्हणजे आयुष्याला कलाटणी देणारं वर्ष’ हे वाक्य टाळा. परीक्षा तोंडावर आलेली असताना ते फक्त भीती वाढवतं. शिवाय समोर बसलेल्यांपैकी काहींना गणितात 35 मिळतील की नाही, हीच धास्ती असते. तुम्ही फक्त नव्वद टक्क्यांबद्दल बोललात, तर भाषण आपल्यासाठी नाही असं ते तिथेच ठरवतात. त्यांच्यासाठी दोन वाक्यं स्पष्ट शब्दांत हवीत: एखाद-दुसरा विषय राहिला तरी एटीकेटीवर अकरावीत प्रवेश मिळतो, आणि पुरवणी परीक्षा त्याच वर्षी होते. हे शेवटी दिलासा म्हणून सांगू नका, मध्यावर सहज सांगा. निकालाच्या दिवशी घरात आरडाओरडा सुरू असताना मुलाला ही माहिती आधीच असणं फार मोलाचं आहे.

आता नवा टप्पा. तो ‘उंच भरारी’सारख्या शब्दांत सांगण्यापेक्षा अकरावीच्या सुरुवातीचा एक दिवस घ्या. तुमच्या शाळेतून विज्ञान शाखेला जाणाऱ्या मुलांना सगळ्यात मोठा धक्का बसतो तो माध्यमाचा. भाषणाचा गाभा असा होऊ शकतो:

‘मुलांनो, अकरावीच्या वर्गात 80 जण असतील. तुम्ही आला नाहीत तर दुपारी घरी कुणाचा फोन जाणार नाही. भौतिकशास्त्राचे सर इंग्रजीत शिकवतील आणि पहिले काही आठवडे निम्मं डोक्यावरून जाईल. तेव्हा आपण कमी आहोत असं समजू नका. न्यूटनचे नियम तेच आहेत, ते तुम्ही इथे शिकलात. रोज वहीच्या मागच्या पानावर दहा नवे शब्द लिहा, आणि न कळलेलं त्याच दिवशी विचारा. त्या आठवड्यांत शाखा बदलायची घाई करू नका.’

यात भीती लपवलेली नाही आणि उपायही हाताशी आहे. सप्टेंबरपर्यंत गप्प बसणारी मुलं पुढे वर्गालाच दांडी मारू लागतात. म्हणून ‘त्याच दिवशी विचारा’ हे वाक्य थांबून म्हणा.

यानंतर तेवढाच वेळ आयटीआय आणि तंत्रनिकेतनाला द्या. ‘ज्यांना कमी गुण मिळतील त्यांनी आयटीआयला जावं’ असा सूर चुकूनही लागू देऊ नका. इलेक्ट्रिशियन किंवा फिटरचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. पदविका तीन वर्षांची आहे आणि ती करून अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. व्यासपीठावरून मुख्याध्यापकांनीच हे आदराने सांगितलं, तर घरी तो विषय काढताना मुलाची मान खाली जात नाही.

शेवट कवितेने करण्यापेक्षा एका कामाने करा. ‘पुढच्या आठवड्यात कार्यालयात येऊन जनरल रजिस्टरमधलं आपलं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख आणि जातीची नोंद स्वतः वाचून जा.’ नोंदीतली चूक तशीच दाखल्यावर उतरते. विद्यार्थी शाळेत असताना ती दुरुस्त करणं त्यामानाने सोपं असतं. एकदा दाखला हातात पडला की फार खेटे घालावे लागतात, आणि चूक कळते ती नेमकी जात पडताळणीच्या वेळी. पुढे एवढंच जोडा: निकालानंतर अकरावीचा ऑनलाइन अर्ज भरताना अडलात तर शाळेत या, अमुक शिक्षक अमुक वेळेत बसलेले असतील. ते नाव आणि वेळ आधी त्या शिक्षकांशी बोलून पक्की करा, नाहीतर मूल येतं आणि कुलूप बघून परत जातं.

भाषण कागदावरून वाचलंत तरी चालेल, फक्त अक्षर मोठं ठेवा आणि आदल्या दिवशी एकदा मोठ्याने, घड्याळ लावून वाचा. आठ मिनिटांच्या वर गेलं तर शाळेच्या निकालाचा इतिहास सांगणारा परिच्छेद आधी कापा.