निकालाआधी स्ट्रॅडल घ्यावा की स्ट्रँगल?

प्रश्न : माझ्या आवडीच्या कंपनीचे तिमाही निकाल आठवड्याभरात आहेत. शेअर १५०० रुपयांवर आहे. १५०० चा कॉल ४२ ला आणि पुट ३८ ला मिळतोय, लॉट ५०० चा. शेअर वर जावो की खाली, फायदाच, असं मित्र म्हणतो. दोन्ही एकत्र घेऊन स्ट्रॅडल करायला बोनसचे ४०,००० लावू का? की १५६० चा कॉल आणि १४४० चा पुट असा १७,५०० चा स्वस्त स्ट्रँगल घेऊ?

उत्तर : या भावात दोन्ही घेऊ नका.

तुमच्या स्ट्रॅडलचा एकूण प्रीमियम ८० रुपये आहे, म्हणजे शेअरच्या भावाच्या सव्वापाच टक्क्यांहून थोडा जास्त. एक्स्पायरीपर्यंत थांबलात तर शेअर १५८० च्या वर किंवा १४२० च्या खाली गेल्यावरच नफा सुरू होतो. निकालाच्या दिवशी मोठी उलथापालथ होणार हे विकणाऱ्यालाही ठाऊक असतं, त्यामुळे तिची किंमत प्रीमियममध्ये आधीच चढलेली असते. निकाल लागला की अनिश्चितता संपते आणि ही चढलेली किंमत सकाळच्या पहिल्या काही मिनिटांतच उतरते.

समजा, निकाल चांगला आला आणि शेअर १५४८ वर उघडला. तीन टक्क्यांहून मोठी उडी! तरी एक्स्पायरीला आठवडा असताना तुमचा कॉल साधारण ५२ ला आणि पुट ४ ला विकला जाईल. ८० चे ५६ झाले, म्हणजे दिशा आणि हालचाल दोन्ही मिळूनही १२,००० चा तोटा.

स्ट्रँगलचं याहून वाईट होईल. १५६० चा कॉल १३ च्या आसपास, पुट जवळपास शून्य. ३५ रुपयांतले २२ गेले, म्हणजे ११,००० रुपये. रक्कम थोडी कमी दिसते, पण तुमच्या पैशातला साठ टक्क्यांहून जास्त भाग गेला. स्ट्रॅडलमध्ये तीस टक्के गेला असता. स्ट्रँगल स्वस्त असतो तो शेअरला अधिक लांब पळावं लागतं म्हणून. इथे नफ्याच्या सीमा १५९५ आणि १४०५ आहेत.

मग कधी घ्यावा? या कंपनीच्या मागच्या आठ निकालांनंतर दुसऱ्या दिवशी शेअर किती टक्के हलला ते लिहून काढा. बहुतेक वेळा हालचाल सव्वापाच टक्क्यांहून स्पष्टपणे मोठी असेल, तरच विचार करण्यात अर्थ आहे. तीन-चार टक्के दिसली, तर तुम्ही महाग विमा विकत घेताय.

आणि घेतलाच, तर निकालाच्या दुसऱ्याच दिवशी कॉल आणि पुट दोन्ही विकून मोकळे व्हा. आपल्याकडे शेअरच्या ऑप्शनचा निपटारा प्रत्यक्ष शेअर देऊन-घेऊन होतो. १५०० चा कॉल नफ्यात असताना एक्स्पायरीपर्यंत तसाच राहिला, तर ५०० शेअरचे साडेसात लाख उभे करावे लागतील.